कटाविना कटाची आमटी

खाद्यसमीक्षकांचा एक दंडक आहे. एकदाच जेवून कोणत्याही खानावळीविषयी लिहू नये. निदान तीनदा जावं, दर वेळी वेगळा पदार्थ खाऊन पाहावा आणि मग लेखणी उचलावी. एखाद्या दिवशी आचाऱ्याचं मन थाऱ्यावर नसतं, एखाद्या दिवशी ऐन वेळी सिलेंडर संपतो. तेवढ्यावरून कोणाचं नाव खराब करणं बरं नव्हे. हा दंडक पाळून मी गेल्या दिवाळीपासून होळीपर्यंत कोथरूडमधल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तीनदा जेवलो. आता लिहायला हरकत नाही.

समीक्षकानं ओळख लपवून जावं आणि बिल स्वतः भरावं, असाही एक दंडक आहे. तो मला पाळता आला नाही. शेफ आणि मी सहावी ‘ब’पासून एका बाकावर बसलेलो आहोत आणि त्यांच्याकडून बिल मिळण्याची पद्धत नाही. शेफ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. एरवी मी त्याला ज्या नावानं हाक मारतो ते छापण्यासारखं नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. दिवाळीचा फराळ संपायच्या आत वहिनी लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी गेल्या. जाताना त्यांनी प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवली, दोन पोळीभाजी केंद्रांचे नंबर फ्रिजवर लावले आणि ‘गॅस बंद केला का’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद दाराच्या आतल्या बाजूला डकवला. चार दिवस शेफनी केंद्राची पोळीभाजी खाल्ली. पाचव्या दिवशी मला फोन आला.

“अरे, स्वयंपाक म्हणजे शेवटी काय रे? लेखी सूचना वाचायच्या आणि त्याप्रमाणे करायचं. सदतीस वर्षं मी दुसरं केलं काय?”

शेफ सदतीस वर्षं एका सरकारी कचेरीच्या हिशेब खात्यात होते. सूचनेत असेल ते करायचं आणि नसेल ते स्वतःच्या जबाबदारीवर करायचं नाही, ह्या शिस्तीवर त्यांना दोन बढत्या मिळाल्या. हे वाचकांनी लक्षात ठेवावं. पुढे जे काही माझ्या ताटात आलं त्याचं मूळ बेफिकिरीत नाही, ह्या शिस्तीत आहे.

वातावरणाविषयी दोन शब्द. बैठक चार जणांची. त्यातल्या दोन खुर्च्यांवर इस्त्रीचे कपडे असतात. संगीत चिमणीच्या पंख्याचं. खिडकीतून मधला चौक दिसतो आणि चौकापलीकडे शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर. ह्या खिडकीला पुढे महत्त्व येणार आहे. वाढपाची पद्धत अशी की शेफ स्वतः बसत नाहीत. हातात झारा घेऊन ते पाहुण्याच्या तोंडाकडे एकटक बघत उभे राहतात. घास गिळल्याशिवाय दृष्टी हटत नाही. मोठमोठ्या हॉटेलांत इतकं लक्ष देत नसावेत.

पहिली भेट पोह्यांची. तिच्यावर फार वेळ घालवत नाही. सूचनेत ‘पोहे भिजवून घ्यावेत’ असं होतं. जाड पोहे चाळणीत घेऊन नळाखाली धरायचे, पाणी निथळू द्यायचं आणि दहा मिनिटं झाकून ठेवायचे, ह्याला आपल्याकडे पोहे भिजवणं म्हणतात. हे कोणी कोणाला सांगत नाही, ते दिसतं. शेफनी पातेलंभर पाण्यात पोहे बुडवले, जसे हरभरे बुडवतात, आणि ते पेन्शनच्या कामाच्या फोनवर गेले. तो फोन किती चालतो हे ज्यांना पेन्शन आहे त्यांना माहीत आहे. माझ्यासमोर बशी आली तेव्हा पोहे ही अनेकवचनी वस्तू राहिली नव्हती. एक पोहा होता, बशीच्या आकाराचा, हळदीचा रंग एकसारखा धरलेला. चमच्यानं त्याची वडी पडत होती. वर खोबरं, कोथिंबीर आणि लिंबाची फोड असं सगळं शिस्तीत होतं. मोहरी मात्र तडतडलेली नव्हती, कारण तेल किती तापवायचं ते सूचनेत नव्हतं. कच्ची मोहरी दाताखाली आली की एक कडू किडकिडी होते, तिच्यामुळे निदान आपण काय खातोय ह्याची जाग राहत होती. मांडणीला पूर्ण गुण.

दुसऱ्या भेटीत अळूचं फदफदं होतं. इथे शेफच्या कलेनं खरी झेप घेतली.

दिसायला भाजी उत्तम होती. गडद हिरवी, तकतकीत, वर शेंगदाणे, हरभऱ्याची डाळ, खोबऱ्याचे पातळ काप. वासही बरा होता. पहिला घास मी भातावर घेतला आणि मनात म्हटलं, माणूस सुधारला. दुसरा घेतला. तिसऱ्याला जिभेच्या मागच्या बाजूला कोणीतरी बारीक कुसळं टोचतंय असं वाटलं. चौथा घास घेण्याचा प्रश्नच आला नाही. घसा आतून खाजवायला लागला तर तिथे बोट पोचत नाही, ही शरीररचनेतली त्रुटी मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवली.

“कसं झालंय? खरं सांग हं,” शेफ म्हणाले.

मला काही सांगता येत नव्हतं. मी हातानं पाण्याकडे खूण केली. शेफना ती दाद वाटली आणि त्यांनी आणखी एक पळी वाढली.

इथे मी कबुली देतो की समीक्षकाला स्वयंपाक येत नाही. चहापलीकडे माझा अधिकार नाही आणि चहाबद्दलही घरात दोन मतं आहेत. ह्या लेखात जे काही शास्त्र आलं आहे ते सगळं आमच्या घरातल्या पंडितेचं आहे. प्रत्येक भेटीनंतर मी घरी जाऊन लक्षणं सांगायचो आणि ही निदान करायची. त्या रात्री तिनं माझ्यासमोर वाटीभर ताक ठेवलं आणि वैद्यासारखे प्रश्न सुरू केले.

“खाल्ल्याबरोबर खवखवलं, की थोड्या वेळानं?”

“थोड्या वेळानं.”

“आंबट लागत होती भाजी?”

“अजिबात नाही. गोडसर होती.”

“मग चिंच घातलेली नाही. पानं कसली होती? देठ काळे होते का हो?”

देठ मी कशाला बघतोय. पण दुसऱ्या दिवशी शेफना फोन करून विचारलं, तर देठ चांगले जांभळट काळे होते आणि भाजीवालीनं ‘वडीचं ताजं अळू’ म्हणून दोन रुपये जास्त घेतले होते. ताजं आहे म्हटल्यावर शेफनी ते घेतलं. भाजीचं अळू निराळं असतं, हिरव्या देठाचं, हे चिठ्ठीवर नव्हतं.

अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. पान अपुरं शिजलं तर ते जिभेत आणि घशात रुततात. म्हणून अळू चिरताना बायका हाताला तेल किंवा चिंच लावून घेतात, ते भरपूर शिजवतात, घोटतात, आणि त्यात चिंच, आंबटचुका नाहीतर कोकम असं काहीतरी आंबट घालतातच. अळूच्या जोडीला आंबटचुका असतो तो चवीपुरता नसतो. आमची पंडिता म्हणाली की वडीच्या अळूचीसुद्धा भाजी होते, पण मग आंबट सढळ हातानं हवं आणि चुलीवरही ते जास्त वेळ हवं.

आता शेफची बाजू. त्यांच्याकडे नात्यातल्या कोणीतरी मोबाइलवर पाठवलेली कृती होती. तिच्यात शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं, ‘चिंच आवडीप्रमाणे’. शेफना आंबट आवडत नाही. लहानपणापासून आवडत नाही, शाळेबाहेर आम्ही बोरं आणि चिंचा खायचो तेव्हा हे गोळ्या घ्यायचे. त्यामुळे आवडीप्रमाणे त्यांनी ती शून्य घातली. हिशेब चोख होता. आवडीप्रमाणे ह्या शब्दाचा पाककृतीत अर्थ ‘इतकी घाला, त्यात थोडं कमीजास्त चालेल’ असा असतो, हे शब्दकोशात नाही.

“पण तू कसं खाल्लंस रे ते?” मी विचारलं.

“मी कुठे खाल्लं? तुला वाढून उरलं नाही.”

ह्या उत्तरावर मी बराच वेळ विचार केला आहे.

आता तिसरी भेट. होळीचा दिवस, आणि बेत पुरणपोळी, कटाची आमटी, बटाट्याची भाजी, वरणभात. ह्या वेळी शेफनी मोबाइल बाजूला ठेवला होता. कपाटातून वहिनींचं ‘रुचिरा’ काढलं होतं. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक 1970 मध्ये निघालं आणि लग्नात मुलीच्या पेटीत जायला लागलं. त्याच्या यशाचं एक कारण असं सांगतात की मापं वाटीत आणि चमच्यात आहेत. तराजू काढावा लागत नाही. शेफ त्या दिवशी पुस्तकावर निहायत खूश होते. “नेमकं लिहिलंय बघ,” ते म्हणाले. “वाटीला वाटी. डाळ आणि गूळ समसमान. ह्यात चूक व्हायला जागाच नाही.”

जागा होती. घराघरात असते. आपल्या स्वयंपाकघरात वाटी नावाच्या किमान चार वस्तू असतात. आमटीची मोठी, भाजीची मधली, तुपाची इवली, आणि मुलाच्या बारशात आलेली चांदीची, जी कधीच वापरत नाहीत. पुस्तकातली वाटी कोणतीही असू शकते, अट एवढीच की दोन्ही वेळा तीच असावी. शेफनी डाळ मोजली ती भाजीच्या वाटीनं. मग ती धुवायला सिंकमध्ये गेली. गूळ मोजायची वेळ आली तेव्हा हाताशी आमटीची होती. तिच्यात जवळजवळ दुप्पट मावतं. कागदोपत्री एकास एक, कढईत एकास दोन. सदतीस वर्षं ज्यांनी दुसऱ्यांच्या वह्यांत अशी चूक पकडली त्यांना स्वतःची पकडता आली नाही, कारण दोन्ही रकान्यांत वाटीच लिहिलेलं होतं.

पण त्याआधी डाळ शिजायला हवी होती. पुरणाची हरभरा डाळ बोटांत धरून दाबली की पीठ व्हायला हवी. शेफनी कुकर लावला, ‘चार शिट्ट्या’ ही सूचना मोठ्यानं म्हटली आणि बाहेर येऊन माझ्याशी गप्पा मारत मोजायला लागले. एक. दोन. मग एकदम तीन आणि चार लागोपाठ. शेफ उठले, गॅस बंद केला. मला तेव्हाच थोडी शंका आली होती, पण मी पाहुणा. मघाशी ज्या खिडकीचा उल्लेख केला तिच्या पलीकडे, शेजाऱ्यांकडेही होळी होती आणि त्यांचाही कुकर त्याच सुरात वाजत होता. आमच्या डाळीला स्वतःच्या अशा दोनच शिट्ट्या मिळाल्या. उरलेल्या दोन शेजारच्या डाळीच्या होत्या. त्यांची पोळी म्हणे उत्तम झाली.

डाळ जराशी कणीदार आहे हे शेफच्याही लक्षात आलं. पण गूळ घालून कढईत अर्धा तास शिजायचीच आहे, तेव्हा राहिलेलं तिथे होईल, असा त्यांनी विचार केला. विचार तर्काला धरून होता. दुर्दैवानं डाळ तर्कानं शिजत नाही. एकदा गूळ पडला की डाळ जिथे असेल तिथे थांबते. मग तुम्ही ती तासभर हलवा, दाणा दाणाच राहतो. चिंचेचंही तसंच. म्हणून वरणात चिंच-गूळ घालतात ते वरण शिजल्यावर, आधी नाही. घरी हे मला दोनदा ऐकवण्यात आलं, दुसऱ्यांदा जरा आवाज चढवून, जणू शिट्ट्या मी मोजल्या होत्या.

पुरण झालं की नाही हे बघायची परीक्षा पुस्तकांत असते आणि आज्यांच्या तोंडीही असते: पुरणात उलथनं उभं राहिलं पाहिजे. शेफनी उलथनं रोवलं. उभं राहिलं. त्यांनी मला आत बोलावून दाखवलं. मीही मान डोलावली. घरी आल्यावर प्रश्न आला, “कढई केवढी होती?” कढई फोडणीची होती. लहान आणि खोल. तिच्यात उलथनं काठाला टेकून उभं होतं. कढईत नुसतं पाणी असतं तरी ते उभंच राहिलं असतं. खाली पुरणाची ओघळती खीर होती आणि खिरीत कच्च्या डाळीचे दाणे.

एवढ्यावर निभावलं असतं. पातळ पुरणाची सुद्धा हुशार बायका काहीतरी व्यवस्था करतात. पण पोळीचा दुसरा अर्धा भाग कणीक. ती सैल हवी, तेलाचा हात लावून चांगली तिंबलेली, ओढली तर लांब येणारी, आणि तासभर तरी मुरलेली. कणीक आणि पुरण हाताला सारखं मऊ लागलं पाहिजे, एवढी एकच गोष्ट आमच्या आईनं सुनेला पहिल्या होळीला सांगितली होती. शेफची कणीक पुऱ्यांसाठी असते तशी घट्ट होती. बाहेर लाकूड आणि आत रस्सा, त्यात दाण्यांचे खडे. पोळपाटावर लाटणं फिरलं आणि पोळीला पहिल्यांदा एका ठिकाणी भोक पडलं. शेफनी त्यावर कणकेचं ठिगळ लावलं. दुसरीकडे फुटली. तिथेही ठिगळ. तव्यावर गेल्यावर पुरण बाहेर येऊन पसरलं, गुळाचा धूर झाला, चिमणीनं हात टेकले आणि आम्ही खिडकी उघडली.

ताटात आलं ते नकाशासारखं दिसत होतं. मध्ये भूभाग, कडेनं काळा समुद्र, इथेतिथे ठिगळांची बेटं. चव? गोड. निःसंशय गोड. जायफळ होतं, वेलदोडा होता, तूपही होतं. दाढ लावली की डाळीचा एखादा दाणा कटकन फुटायचा, भेळेत फुटतो तसा. ह्या पोळीला मी ‘विखंडित’ म्हणेन. मोठ्या हॉटेलांत हल्ली असा प्रकार आहे म्हणतात, पदार्थाचे घटक सुटे करून बशीत मांडायचे आणि चौपट पैसे घ्यायचे. शेफ त्या वाटेवर न कळत पोचले आहेत.

आणि आता आमटी.

पुरणाची डाळ शिजली की वरचं जे दाटसर पाणी उपसून काढतात त्याला कट म्हणतात. त्या कटात चिंच, गूळ, गोडा मसाला, भाजलेलं खोबरं आणि जिरं वाटून घालतात, वरून कढीपत्त्याची फोडणी. आमटीला अंग असतं ते सगळं त्या पाण्याचं. पोळी गोड म्हणून आमटी झणझणीत, आणि पोळीतलं जे टाकायचं तेच आमटीला घ्यायचं, असा हा जुना काटकसरी हिशेब. हिशेब खात्यातल्या माणसाला तो आवडायला हवा होता.

पुस्तकात, शेफच्या म्हणण्याप्रमाणे, ‘डाळ उपसून घ्यावी’ असं होतं. त्यांनी डाळ उपसून घेतली. चाळणी सिंकमध्ये ठेवली आणि कुकर तिच्यावर उपडा केला. डाळ चाळणीत राहिली. कट जिथे गेला तिथून तो परत आणता येत नाही. पाणी ठेवावं असं त्या ओळीत नव्हतं. ते आमटीच्या पानावर होतं, आणि आमटीचं पान शेफनी पोळ्या झाल्यावर उघडलं. तिथे पहिलाच शब्द ‘कट’.

“मग काय केलंस?” मी विचारलं.

“साधं पाणी घेतलं. तेवढंच मोजून.”

कटाविना कटाची आमटी मी त्या दिवशी प्यायलो. गरम होती, तिखट होती, तळाला गोडा मसाला आणि वर फोडणी, मधला प्रदेश निर्मनुष्य. ह्या खेपेला तिच्यात चिंच मात्र होती. भरपूर होती. अळूच्या वेळचीही बहुधा तिच्यातच घातली असावी.

जेवण चालू असताना वहिनींचा व्हिडिओ कॉल आला. शेफनी फोन माझ्या ताटावर धरला.

“काय हो भाऊजी, पोळी आहे ना ती?” वहिनी म्हणाल्या.

“आहे, आहे,” मी म्हटलं. “छान झालीय.”

“आणि कट ठेवला होता का ह्यांनी?”

समुद्रापलीकडून, बाळ मांडीवर असताना, एका नजरेत. शेफनी फोन खिडकीकडे वळवून शेजाऱ्यांच्या झेंडूची कुंडी दाखवली.

आता तारे द्यायचे. ताऱ्यांची पद्धत फ्रान्समधल्या मिशेलिन ह्या टायरच्या कंपनीनं रूढ केली. 1900 साली त्यांनी मोटारवाल्यांसाठी एक पुस्तिका काढली, म्हणजे लोक गाड्या घेऊन हिंडतील आणि टायर झिजतील. 1926 पासून तिच्यात चांगल्या जेवणघरांना तारे द्यायला लागले. पुढे त्या ताऱ्यांचे अर्थ ठरले. एक तारा म्हणजे आपल्या प्रकारात उत्तम. दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जावं असं. आणि तीन तारे म्हणजे मुद्दाम तेवढ्यासाठीच प्रवास करावा असं.

एक तारा देण्याचा प्रश्न नाही. पोळी आपल्या प्रकारात उत्तम नव्हती. ती आपल्या प्रकारात होती की नाही ह्याचाच वाद आहे. पण मी सदाशिव पेठेत राहतो. कोथरूडला माझं दुसरं काही काम नसतं. तिन्ही वेळा मी मुद्दाम रिक्षा करून गेलो आणि येताना घसा धरून, पोट धरून किंवा वासाचे कपडे सांभाळत परत आलो. नियमाप्रमाणे तारे तीन होतात. नियम मी केलेले नाहीत.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी माहिती: जागा आधी राखून ठेवावी लागत नाही, शेफ स्वतःच फोन करतात. लिफ्ट आहे. रविवारी उघडं. पाहुण्यांनी येताना भूक थोडी मारून यावं.

वहिनी पाडव्याला परत येतात. त्याआधीच्या रविवारी शेफनी पुन्हा अळू जाहीर केलं आहे. मी जाणार आहे. चिंच इथून घेऊन जातोय, आणि ह्या वेळी आधी त्याला वाढणार आहे.